पदवी प्रमाणपत्र आणि गुणपत्रिकेचे परदेशी प्रवेशासाठी भाषांतर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील उत्तरे मुख्यतः मराठी कागदपत्रांच्या इंग्रजी भाषांतराविषयी आहेत. समजायला सोपे जावे म्हणून ज्ञानदा क्षीरसागर हे एक कल्पित नाव नमुन्यादाखल घेतले आहे. या अर्जदार एका राज्य विद्यापीठाच्या कला शाखेच्या पदवीधर आहेत, त्यांचे पदवी प्रमाणपत्र आणि अंतिम वर्षाची गुणपत्रिका मराठीत आहे आणि त्यांना जर्मनीत पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी अर्ज करायचा आहे.

१. माझ्या कागदपत्रांना भाषांतराची खरोखर गरज आहे का?

हा प्रश्न सर्वांत आधी सोडवावा, कारण अनेकांना भाषांतराची गरजच नसते. महाराष्ट्रातील बऱ्याच विद्यापीठांच्या गुणपत्रिका इंग्रजीत असतात आणि पदवी प्रमाणपत्रावर मराठी व इंग्रजी असे दोन्ही मजकूर असतात. कागदावर संपूर्ण इंग्रजी मजकूर असेल आणि परदेशी विद्यापीठ इंग्रजी स्वीकारत असेल, तर मराठी भागाचे वेगळे भाषांतर सहसा मागितले जात नाही. जर्मनीतील अनेक विद्यापीठांचे अर्ज ज्या यूनी-असिस्ट संस्थेमार्फत जातात, तिथेही जर्मन किंवा इंग्रजी कागदपत्रे साधारणपणे चालतात.

गरज पडते ती तीन ठिकाणी. पहिले म्हणजे संपूर्ण मराठीत असलेला कागद. दुसरे म्हणजे इंग्रजी गुणपत्रिकेवर हाताने लिहिलेला किंवा रबरी शिक्क्याने उमटवलेला मराठी शेरा, उदाहरणार्थ ‘दुय्यम प्रत’ किंवा ‘नावात दुरुस्ती केली’. तिसरे म्हणजे मागील बाजूस मराठीत छापलेले नियम. दुसरी आणि तिसरी बाब अर्जदारांच्या नजरेतून हमखास सुटते.

भाषांतराकडे वळण्यापूर्वी आपल्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागात इंग्रजी ट्रान्स्क्रिप्ट मिळते का, याची चौकशी जरूर करावी. विद्यापीठाने स्वतः दिलेला इंग्रजी कागद हा मूळ दस्तऐवज ठरतो, तर भाषांतर कितीही चांगले असले तरी ते मूळ कागदाच्या आधारानेच उभे राहते. शिवाय कॅनडासाठी शैक्षणिक मूल्यमापन करणाऱ्या डब्ल्यूईएससारख्या संस्था गुणपत्रिका विद्यापीठाकडूनच, मोहोरबंद पाकिटात किंवा अधिकृत इलेक्ट्रॉनिक मार्गाने मागवतात. तिथे तुम्ही करून घेतलेले भाषांतर ही फक्त जोड असते.

२. भाषांतर मी स्वतः केले तर चालेल का? भाषांतरकार कोणाला म्हणतात?

स्वतःच्या कागदपत्रांचे भाषांतर स्वतः करू नये आणि आईवडील, भावंडे किंवा जोडीदार यांच्याकडूनही करून घेऊ नये. त्यांचे इंग्रजी कितीही उत्तम असले तरी निकालात हितसंबंध असलेल्या व्यक्तीचे भाषांतर ग्राह्य धरले जात नाही. कॅनडाच्या स्थलांतर खात्याने तर कुटुंबीयांनी केलेले भाषांतर चालणार नाही, असे स्पष्टच म्हटले आहे.

जर्मनीत न्यायालयासमोर शपथ घेतलेले भाषांतरकार असतात आणि त्यांची यादी justiz-dolmetscher.de या संकेतस्थळावर शोधता येते. भारतात अशी शपथबद्ध भाषांतरकारांची देशव्यापी व्यवस्था नाही. त्यामुळे येथे भाषांतरकाराने स्वतःच्या लेटरहेडवर लेखी प्रमाणपत्र जोडायचे असते. आपण दोन्ही भाषा जाणतो आणि हे भाषांतर मूळ दस्तऐवजाचे पूर्ण व अचूक भाषांतर आहे, असे त्यात म्हटलेले असावे आणि खाली भाषांतरकाराचे पूर्ण नाव, स्वाक्षरी, तारीख व संपर्काचा तपशील असावा. ब्रिटनच्या व्हिसासाठी जवळपास याच बाबी मागितल्या जातात. मात्र काही जर्मन विद्यापीठे शपथबद्ध भाषांतरच हवे असा आग्रह धरतात, म्हणून प्रवेशाच्या पानावरील सूचना शब्दशः वाचावी आणि शंका असल्यास तिथल्या प्रवेश कार्यालयाला ईमेल करून लेखी उत्तर घ्यावे.

३. नोटरीचा शिक्का घेतला की भाषांतर प्रमाणित होते का?

नोटरी कायदा, १९५२ च्या कलम ८ मध्ये दस्तऐवजाचे भाषांतर करणे आणि भाषांतर पडताळणे ही कामे नोटरीच्या कामांत धरलेली आहेत. प्रत्यक्षात मात्र बहुतेक नोटरी भाषांतरकाराच्या प्रतिज्ञापत्रावरील स्वाक्षरी आपल्यासमोर झाली, एवढ्याचीच नोंद करतात. ‘ग्रेस गुण’ हा शब्द बरोबर उतरला आहे का, हे ते तपासत नाहीत. म्हणून नोटरी हा भाषांतरकाराला पर्याय समजू नये. ज्या देशात किंवा विद्यापीठात भाषांतरकाराचे प्रतिज्ञापत्र मागितले आहे, तिथे नोटरीकडे जावे. जिथे मागितले नाही तिथे हा खर्च टाळता येतो.

४. नाव कोणत्या क्रमाने आणि कोणत्या स्पेलिंगने लिहावे?

सर्वाधिक अडचणी याच ठिकाणी येतात, म्हणून थोडे सविस्तर पाहू. महाराष्ट्रातील गुणपत्रिकेवर बहुधा आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि शेवटी वडिलांचे किंवा पतीचे नाव असते. आईचे नाव स्वतंत्र रकान्यात येते. पारपत्रावर मात्र आडनाव आणि दिलेले नाव असे दोनच रकाने असतात आणि वडिलांचे नाव बऱ्याचदा दिलेल्या नावाच्या रकान्यात गेलेले असते. भाषांतरात नावाचा क्रम मूळ कागदावर जसा आहे तसाच ठेवावा. ‘परदेशात समजायला सोपे’ म्हणून आडनाव शेवटी नेणे हा बदल वाटतो छोटा, पण पडताळणी करणारा कर्मचारी मूळ कागद आणि भाषांतर शेजारी ठेवतो तेव्हा दोन्हींचा क्रम जुळत नाही. आडनाव कोणते, हे कळावे असे वाटत असेल, तर शेवटी भाषांतरकाराच्या टिपेत एका वाक्यात लिहावे.

स्पेलिंगचा नियम कागदाच्या लिपीवर अवलंबून आहे. मूळ कागदावर नाव इंग्रजीत छापलेले असेल, तर ते चुकीचे असले तरी तसेच्या तसे उतरवावे. भाषांतरकाराला ते दुरुस्त करण्याचा अधिकार नाही. मूळ कागदावर नाव फक्त देवनागरीत असेल, तर रोमन लिपीतील रूप पारपत्रावरून घ्यावे, कारण अर्जही त्याच नावाने भरलेला असतो. ‘ज्ञानदा’ हे नाव कानाने लिहिणारा भाषांतरकार `Gyanada`, `Jnanada` किंवा `Dnyanada` यांपैकी काहीही लिहू शकतो आणि ‘क्षीरसागर’ हे आडनाव `Kshirsagar` व `Ksheersagar` अशा दोन्ही प्रकारे दिसते. म्हणूनच काम देताना कागदपत्रांसोबत पारपत्राच्या पहिल्या पानाची प्रतही द्यावी आणि ‘नावाचे स्पेलिंग यावरूनच घ्यावे’ असे लेखी कळवावे.

समजा, ज्ञानदा यांच्या पारपत्रावर `DNYANADA` आहे, पण दहावीच्या प्रमाणपत्रावर `DNYANDA` छापले आहे. दहावीचा कागद इंग्रजीत असल्याने त्याचे भाषांतर होणार नाही आणि त्यावरचे रूप तसेच राहील. पदवी प्रमाणपत्र मराठीत असल्याने त्याच्या भाषांतरात पारपत्रावरील रूप येईल. दोन कागदांत एका अक्षराची तफावत राहील आणि ती झाकण्याचा प्रयत्न करू नये. अर्जासोबत ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडावे आणि वेळ हाताशी असेल तर मंडळाकडून दुरुस्ती करून घ्यावी.

५. लग्नानंतर माझे नाव बदलले आहे. भाषांतरात नवे नाव घालता येईल का?

घालता येणार नाही. पदवी ज्या नावाने मिळाली, तेच नाव भाषांतरात राहते. महाराष्ट्रात लग्नानंतर आडनावासोबत मधले नाव आणि काही घरांत पहिले नावही बदलते, त्यामुळे जुन्या आणि नव्या नावात एकही समान शब्द उरत नाही, असे घडू शकते. परदेशातील कर्मचाऱ्याला ही रीत माहीत असेलच असे नाही. अशा वेळी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातील नावबदलाची प्रसिद्धी हा दुवा ठरतो. तो कागद मराठीत असेल तर त्याचेही भाषांतर करून जोडावे. ‘कु.’, ‘सौ.’, ‘श्री.’ ही उपपदे मूळ कागदावर असतील तर भाषांतरात घ्यावीत, नसतील तर आपल्याकडून लावू नयेत.

६. ‘श्रेणी’, ‘वर्ग’ आणि ‘विशेष प्राविण्य’ यांचे भाषांतर कसे करावे?

मराठी गुणपत्रिकेत ‘श्रेणी’ हा एकच शब्द दोन अर्थांनी येतो. ‘प्रथम श्रेणी’ यात तो फर्स्ट क्लास या अर्थी आहे, तर ‘श्रेणी: ए प्लस’ यात तो ग्रेड या अर्थी आहे. एकाच कागदावर हे दोन्ही अर्थ आले आणि भाषांतरकाराने दोन्हीकडे एकच इंग्रजी शब्द वापरला, तर वाचणाऱ्याला एकूण निकाल आणि एका विषयाचा निकाल यांत फरक करता येत नाही. ‘प्रथम श्रेणी विशेष प्राविण्यासह’ म्हणजे फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन, ‘उच्च द्वितीय श्रेणी’ म्हणजे हायर सेकंड क्लास. यातला ‘उच्च’ गाळला तर अर्जदाराचा निकाल एक पायरी खाली उतरतो.

पुणे विद्यापीठाच्या कला शाखेत ‘सामान्य’ आणि ‘विशेष’ असे विषयांचे स्तर असत. ‘विशेष’ याचे भाषांतर स्पेशल असेच करावे. ऑनर्स असे करू नये. ऑनर्स ही वेगळी पदवी आहे आणि ती मिळाली नसताना कागदावर दाखवली गेली, तर हेतू कितीही चांगला असला तरी ती खोटी माहिती ठरते.

७. गुणांचे परदेशी पद्धतीत रूपांतर करून द्यावे का?

अजिबात देऊ नये. टक्केवारी, सीजीपीए किंवा गुण जसे छापले आहेत तसेच भाषांतरात यावेत. मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर ‘एसजीपीआय’ किंवा ‘सीजीपीआय’ असेल, तर ते बदलून ‘सीजीपीए’ करू नये. फरक एक-दोन अक्षरांचाच असला तरी विद्यापीठाचा शब्द तोच आहे. रूपांतर करणे हे परदेशी विद्यापीठाचे किंवा मूल्यमापन संस्थेचे काम आहे आणि ते काम नीट व्हावे एवढी सामग्री भाषांतराने पुरवायची असते.

ती सामग्री म्हणजे काय, हे जर्मनीच्या उदाहरणावरून कळते. तिथे सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात:

```
x = 1 + 3 × (Nmax − Nd) / (Nmax − Nmin)
```

यात `Nmax` म्हणजे मिळू शकणारे सर्वोच्च गुण, `Nmin` म्हणजे उत्तीर्ण होण्यासाठी लागणारे किमान गुण आणि `Nd` म्हणजे अर्जदाराला मिळालेले गुण. जर्मन मापनात १ हा सर्वोत्तम निकाल असतो आणि ४ ही उत्तीर्णतेची शेवटची पायरी असते. ज्ञानदा यांना ६०० पैकी ३२५, म्हणजे ५४.१७ टक्के गुण आहेत. सर्वोच्च १०० आणि उत्तीर्णतेची मर्यादा ४० टक्के धरली तर उत्तर सुमारे ३.२९ येते; हीच मर्यादा ३५ टक्के धरली तर सुमारे ३.१२ येते. फरक केवळ उत्तीर्णतेच्या मर्यादेमुळे पडला आणि ती मर्यादा बहुतेक वेळा गुणपत्रिकेच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत छापलेली असते. म्हणूनच मागील बाजूचे भाषांतर टाळू नये. ते टाळले तर तिकडच्या कर्मचाऱ्याला ती मर्यादा अन्यत्र शोधावी लागते किंवा गृहीत धरावी लागते.

८. ग्रेस गुण, तारांकित गुण आणि एटीकेटी यांचे काय करावे?

जे छापले आहे ते सगळे घ्यावे. ज्ञानदा यांच्या गुणपत्रिकेवर सहा विषयांचे गुण ५८, ६१, ४७, ६६, ५३ आणि शेवटी ‘३६+४’ असे आहेत, शेवटच्या आकड्याशेजारी तारा आहे आणि एकूण ३२५ छापले आहेत. पहिल्या पाच विषयांची बेरीज २८५ होते आणि ४० मिळवल्यावरच ३२५ येते. म्हणजे चार ग्रेस गुण बेरजेत धरलेले आहेत. भाषांतरकाराने सोय म्हणून नुसते ३६ लिहिले तर बेरीज ३२१ होईल आणि कागद संशयास्पद दिसेल. नुसते ४० लिहिले तर बेरीज जुळेल, पण मूळ कागदावरची एक नोंद लपवली जाईल. म्हणून ‘३६+४’ आणि तारा हे दोन्ही तसेच ठेवावे आणि ताऱ्याचा खुलासा तळाशी किंवा मागे छापलेला असेल तर त्याचेही भाषांतर द्यावे. खुलासा छापलेला नसेल तर तारा तसाच ठेवून पुढे जावे, त्याचा अर्थ आपण रचू नये.

काही अर्जदार एटीकेटीची नोंद किंवा पुरवणी परीक्षेची गुणपत्रिका ‘वगळली तर चालेल का’ असे विचारतात. चालणार नाही. भाषांतरकाराने पूर्ण भाषांतराचे प्रमाणपत्र दिलेले असते आणि वगळलेली एक ओळ ते प्रमाणपत्र खोटे ठरवते. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी भारतीय अर्जदारांना १ नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस हे कागदपत्रांच्या पडताळणीचे प्रमाणपत्र लागते आणि त्या पडताळणीत शैक्षणिक कागदपत्रेच तपासली जातात, हेही ध्यानात असावे.

९. मूळ गुणपत्रिकेतच चूक असेल तर?

बेरीज चुकलेली असेल, विषयाचे नाव अशुद्ध छापले असेल किंवा जन्मतारीख वेगळी असेल, तरी भाषांतरात ती चूक जशीच्या तशी यावी. त्या जागी ‘मूळ कागदात असेच’ अशा अर्थाची खूण करावी, म्हणजे ती चूक भाषांतरकाराची नाही हे स्पष्ट होते. दुरुस्ती फक्त विद्यापीठ किंवा मंडळच करू शकते. दुरुस्त गुणपत्रिका मिळाल्यावर नव्या कागदाचे भाषांतर नव्याने करून घ्यावे. जुन्या भाषांतरावर खाडाखोड करू नये.

१०. आकड्यांत आणि अक्षरांत कोणत्या चुका होतात?

देवनागरी आकडे इंग्रजी आकड्यांत उतरवताना घाई घातक ठरते. हस्तलिखितात १ आणि ९ एकमेकांसारखे दिसतात. देवनागरी ४ चा आकार इंग्रजी `8` ची आठवण करून देतो आणि ७ हा `6` सारखा भासतो. यावर उपाय कागदावरच असतो: गुण अक्षरी लिहिले असतील तर प्रत्येक आकडा अक्षरी गुणांशी ताडावा आणि मग बेरीज स्वतः करून पाहावी. बैठक क्रमांक आणि कायम नोंदणी क्रमांक यांना असा आधार नसतो, म्हणून ते दोन जणांनी, एकाने मोठ्याने वाचून आणि दुसऱ्याने भाषांतर पाहून, तपासावेत. ऑनलाइन पडताळणीत हाच क्रमांक टाकला जातो आणि एक अंक चुकला तर नोंद सापडत नाही.

दहा गुणांच्या श्रेणी पद्धतीत सर्वोच्च श्रेणी `O` या अक्षराने दाखवतात आणि तिचे श्रेणीगुण १० असतात. टंकन करताना हे अक्षर शून्य होऊन बसते. शून्य श्रेणीगुण हे अनुत्तीर्णाचे असतात, त्यामुळे या एका अक्षराची किंमत मोठी आहे.

तारखांच्या बाबतीत महिना अक्षरांत लिहावा. ०३/०५/२०११ ही आपल्याकडे ३ मे असते, पण अमेरिकेत ती ५ मार्च वाचली जाते. परीक्षेचा महिना, निकालाची तारीख आणि पदवीदान समारंभाची तारीख या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येकीला तिच्याच नावाने उतरवावे. प्रमाणपत्रावर शके वर्ष असेल तर तेही ठेवावे.

११. शिक्के, सह्या आणि होलोग्राम यांचे भाषांतर कसे होते?

त्यांचे वर्णन करायचे असते. शिक्क्याचे चित्र कापून भाषांतरावर चिकटवू नये आणि विद्यापीठाच्या बोधचिन्हाची नक्कलही करू नये, कारण तसे केल्यास भाषांतर हाच मूळ दस्तऐवज असल्याचा भास निर्माण होतो. शिक्का ज्या जागी आहे त्याच जागी चौकटी कंसात त्याचा आकार, शाईचा रंग आणि त्यावरील मजकुराचे भाषांतर लिहावे. ज्ञानदा यांच्या प्रमाणपत्रावर खाली डावीकडे निळ्या शाईचा गोल शिक्का आहे, पण त्याची उजवी कड सहीखाली गेली आहे. तिथे ‘गोल शिक्का, निळी शाई, मजकूर अंशतः अवाचनीय’ एवढे लिहून जेवढा मजकूर स्वच्छ वाचता येतो तेवढाच द्यावा. उरलेली अक्षरे काय असावीत हे भाषांतरकाराला ठाऊक असले तरी ती भरू नयेत. उमटवलेला, म्हणजे कागद दाबून उठवलेला कोरडा शिक्का छायाप्रतीत दिसतच नाही. म्हणून शक्य असेल तर भाषांतरकाराला मूळ कागद दाखवावा किंवा तिरप्या उजेडात काढलेला स्पष्ट फोटो द्यावा.

सही वाचता आली तर नाव, नाही तर ‘सही, अवाचनीय’ असे लिहावे आणि खाली छापलेले पद अचूक उतरवावे. येथे एक मोठा धोका आहे. मराठीत ‘कुलपती’ म्हणजे चान्सलर आणि ‘कुलगुरू’ म्हणजे व्हाइस चान्सलर. हिंदी कागदपत्रांत मात्र ‘कुलपति’ हा शब्द व्हाइस चान्सलरसाठी रूढ आहे. हिंदीची सवय असलेल्या भाषांतरकाराकडून ही पदे सहज उलटतात. ‘कुलसचिव’ म्हणजे रजिस्ट्रार, ‘परीक्षा नियंत्रक’ म्हणजे कंट्रोलर ऑफ एक्झामिनेशन्स. तुमच्या विद्यापीठाच्या इंग्रजी संकेतस्थळावर त्या पदाचे जे नाव दिले आहे तेच वापरावे.

होलोग्राम, जलचिन्ह आणि क्यूआर कोड यांचा एका ओळीत उल्लेख पुरे. ‘सत्यप्रत’ हा शिक्का छायाप्रतीवर मारलेला असेल, तर तो छायाप्रतीवरचा आहे हे वर्णनात सांगावे, नाही तर तो मूळ प्रमाणपत्राचा भाग समजला जातो.

१२. विद्यापीठाचे नाव नंतर बदलले आहे. कोणते लिहावे?

कागदावर छापलेले. ज्यांची पदवी २०१४ पूर्वीची आहे त्यांच्या प्रमाणपत्रावर ‘पुणे विद्यापीठ’ असेल, तर भाषांतरात ‘सावित्रीबाई फुले’ हे शब्द आणू नयेत, कारण नामविस्तार त्या वर्षी झाला. मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १९९४ मधला आणि नागपूर विद्यापीठाचा २००५ मधला आहे. आजचे नाव भाषांतरकाराच्या टिपेत द्यावे, म्हणजे परदेशी कर्मचाऱ्याला सूचीत जुने नाव सापडले नाही तरी शोध थांबत नाही. महाविद्यालयांच्या नावांचे अर्थ लावू नयेत. ‘ज्ञानप्रबोधन’सारखे विशेषनाम लिप्यंतरानेच द्यावे.

१३. आधी अपोस्टिल करावे की आधी भाषांतर?

अपोस्टिल मागितलेले आहे का, हे पहिल्यांदा विचारावे. प्रवेशासाठी ते सर्वत्र लागत नाही. अपोस्टिल हा मूळ कागदावरील सही व शिक्का खरा असल्याचा दाखला असतो आणि भाषांतराच्या अचूकतेशी त्याचा संबंध नसतो. भारतात हेग करारानुसार ही सोय २००५ पासून आहे आणि ते काम परराष्ट्र मंत्रालय करते. शैक्षणिक कागदांची आधी राज्यस्तरावर पडताळणी होते. ते लागणारच असेल तर आधी अपोस्टिल करावे आणि मग भाषांतर, कारण मागील बाजूस लागलेले नवे शिक्के व स्टिकर यांचेही वर्णन भाषांतरात यावे लागते. उलट क्रमाने केल्यास भाषांतर आणि कागद यांच्यात फरक पडतो.

१४. तयार भाषांतर हाती आल्यावर मी काय तपासावे?

मूळ कागद डावीकडे आणि भाषांतर उजवीकडे ठेवून वरून खाली बोट फिरवत जावे. रकान्यांची संख्या आणि क्रम दोन्हीकडे सारखा असावा. मूळ कागदावर तक्ता असेल तर भाषांतरातही तक्ताच असावा. नाव पारपत्राशी अक्षर न अक्षर ताडावे, मग आईचे नाव, क्रमांक, तारखा आणि गुणांची बेरीज पाहावी. शेवटी मूळ कागदावरचे शिक्के आणि सह्या मोजाव्यात आणि भाषांतरात तेवढीच वर्णने आहेत का, हे पाहावे. मागील बाजू कोरी असेल तर ‘मागील बाजू कोरी’ अशी नोंद असणे चांगले.

भाषांतरकाराची सही प्रत्येक पानावर हवी आणि भाषांतरासोबत मूळ कागदाची प्रत जोडलेली असावी, म्हणजे कोणत्या कागदाचे हे भाषांतर आहे याविषयी वाद राहत नाही. अर्जाच्या संकेतस्थळावर दोन्ही एकाच पीडीएफमध्ये, आधी मूळ आणि लगेच भाषांतर या क्रमाने चढवावेत, जर तिथे वेगळी सूचना नसेल तर. स्कॅन रंगीत असावे. कृष्णधवल प्रतीत निळा शिक्का आणि काळी सही एकमेकांत मिसळतात आणि भाषांतरात ‘निळी शाई’ असे लिहिलेले वाचणाऱ्याला ती दिसत नाही.

१५. एकदा केलेले भाषांतर दुसऱ्या देशासाठी वापरता येते का?

मूळ कागद बदललेला नसेल तर भाषांतराचा मजकूर तोच राहतो, पण सोबतचे प्रमाणपत्र बदलावे लागू शकते. ब्रिटनसाठी भाषांतरकाराचे निवेदन पुरते, कॅनडाच्या स्थलांतर खात्यासाठी अनेकदा प्रतिज्ञापत्र लागते आणि जर्मनीत शपथबद्ध भाषांतरकाराचा शिक्का मागितला जाऊ शकतो. म्हणून पहिल्यांदा काम देतानाच कोणकोणत्या देशांत अर्ज करणार आहात ते भाषांतरकाराला सांगावे आणि संपादन करता येईल अशी फाइल त्यांच्याकडे जपून ठेवलेली आहे ना, याची खात्री करून घ्यावी.